व्यवसाय कर: पगार २५,००० च्या काठावर, फेब्रुवारीचे ३०० आणि फॉर्म १६ मधलं शून्य

पगारबिल_लातूर

नमस्कार मंडळी. विनाअनुदानित शाळेचं पगारपत्रक करतो. दोन ठिकाणी गाडी अडली आहे, म्हणून धागा काढतोय.

पहिलं. एका शिक्षिका ताईंचा एकूण पगार सप्टेंबर २०२५ पर्यंत दरमहा २४,८०० होता. ऑक्टोबरपासून ३५० वाढून तो २५,१५० झाला. आतापर्यंत त्यांचा व्यवसाय कर कापत नव्हतो. आता कापायचा का, आणि कापायचा तर किती? त्यांचं म्हणणं, पगारवाढ ३५० ची आणि त्यातले २०० तुम्हीच काढून घेणार असाल तर वाढ दिली कशाला!

दुसरं. आमच्या मुख्याध्यापक सरांचा पगार दरमहा ८०,००० आहे. त्यांचे वर्षाला २,५०० कापले जातात, पण फॉर्म १६ च्या मसुद्यात त्या रकान्यात शून्य दिसतंय. सरांचा आग्रह आहे की २,५०० भरले आहेत तर ते करातून वजा झालेच पाहिजेत. त्यांना काय उत्तर द्यावं?

मांजराकाठ

ताईंचं सोपं आहे. सहा महिने २४,८०० आणि सहा महिने २५,१५०, म्हणजे वर्षाची सरासरी २४,९७५. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. सरासरी आत बसते, तर एक रुपयाही कापायचा नाही. आयकरसुद्धा वर्षाच्या उत्पन्नावरच लागतो ना?

आणि सरांचं बरोबर आहे. भरलेला व्यवसाय कर आयकरातून वजा मिळतो, आमच्याकडे सगळ्यांना मिळायचा.

जमाखर्च

मांजराकाठ दादा, महिलांची मर्यादा तुम्ही बरोबर सांगितलीत. १ एप्रिल २०२३ पासून ती २५,००० आहे, त्याआधी १०,००० होती. पण सरासरी इथं चालत नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याच्या तक्त्यात टप्पे महिन्याच्या पगारावर आहेत. ज्या महिन्याचं बिल काढताय, त्याच महिन्याची रक्कम बघायची. मागचा महिना नाही आणि पुढचाही नाही.

पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला महिना १७५, आणि १०,००० च्या वर महिना २००, फेब्रुवारीत मात्र ३००. महिलांना २५,००० पर्यंत शून्य आणि त्याच्या वर तेच २०० आणि ३००. पगार नेमका २५,००० असेल तर कर नाही, त्याच्यापेक्षा जास्त झाला की लागतो.

ताईंचा हिशेब असा येईल. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी प्रत्येकी २००, म्हणजे ८००. फेब्रुवारीचे ३००, मार्चचे २००. एकूण १,३००. एप्रिल ते सप्टेंबर शून्यच राहणार, मागचं काही वसूल करायचं नाही. हातात पडणारी वाढ महिन्याला १५० आणि फेब्रुवारीत फक्त ५०. त्यांची तक्रार रास्त आहे, पण ती तक्त्याच्या रचनेची आहे. आयकरात वरच्या टप्प्यातल्या रकमेवरच वरचा दर लागतो. इथं काठ ओलांडला की अख्खे २०० एकदम लागतात. २४,९५० वरून १०० वाढ देऊन २५,०५० केले असते तर त्या बाईंच्या हातात आधीपेक्षा १०० कमी पडले असते.

पगारवाढीचा ठराव पुढच्या वेळी करताना संस्थेला हे आधीच दाखवा. २५,००० वर थांबा नाहीतर निदान २५,५०० तरी करा, मधल्या आकड्यांना अर्थ नाही.

पगारबिल_लातूर

समजलं. पण 'पगार' म्हणजे कोणता आकडा धरू? ताईंचा भविष्य निर्वाह निधी कापून २३,३५० हातात येतात. आणि ऑक्टोबरात दिवाळीचा ५,००० बोनस दिला होता, तो धरायचा का?

जमाखर्च

कपातीच्या आधीचा आकडा. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, नियमित मिळणारे बाकीचे भत्ते, सगळं मिळून. निधी कापून उरलेल्या रकमेवर टप्पा ठरवणं ही लहान संस्थांत सर्रास दिसणारी चूक आहे. उलटी चूक म्हणजे फक्त मूळ पगार बघणं. दोन्हींत कर कमी कापला जातो आणि तपासणीत फरक निघाला की तो व्याजासकट संस्थेच्या गळ्यात पडतो, कारण कापून भरायची जबाबदारी मालकाची आहे. कापला नाही म्हणून देणं सुटत नाही.

बोनस धरायचा नाही. कायद्यातल्या पगाराच्या व्याख्येतून बोनस आणि ग्रॅच्युइटी बाहेर ठेवले आहेत. म्हणजे ताईंना सप्टेंबरात, २४,८०० पगार असताना बोनस दिला असता, तरी त्या महिन्याचा कर शून्यच राहिला असता.

बिनपगारी रजेचंही लक्षात ठेवा. समजा ताईंनी फेब्रुवारी २०२६ मध्ये एक दिवस बिनपगारी घेतला. २८ दिवसांचा महिना, एका दिवसाचे साधारण ८९८ गेले, पगार उरला २४,२५२. त्या महिन्याचा कर शून्य. फेब्रुवारी आहे म्हणून ३०० कापलेच पाहिजेत असं नाही. ३०० हा फेब्रुवारीचा दर आहे, वर्षाच्या शेवटी करायची भरपाई नव्हे.

शालार्थ_परभणी

फेब्रुवारीचं एवढं गूढ नाही. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये व्यवसाय कराला माणशी वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा आहे. २,५०० ला बारानं भागलं तर २०८ रुपये ३३ पैसे येतात, ते कोण कापत बसणार? म्हणून अकरा महिने २०० म्हणजे २,२००, आणि एका महिन्यात ३००.

यातून एक गोंधळ दरवर्षी होतो. शालार्थ या शाळांच्या पगार प्रणालीत फेब्रुवारीचं बिल मार्चमध्ये निघतं. ३०० हे फेब्रुवारीच्या *पगाराचे*, मग तो मार्चमध्ये खात्यात जमा होवो. नवीन लिपिक फेब्रुवारीत पैसे जमा होतात म्हणून जानेवारीच्या बिलात ३०० टाकतो आणि पुढच्या महिन्यात परत ३००. मग कोणाचे २,६०० कापले जातात आणि परत मिळवायला कागदं फिरवावी लागतात.

गोदाताई

माझं नांदेडला ब्युटी पार्लर आहे. महिना २५,००० सुटत नाहीत तरी मला २,५०० भरायची नोटीस आली. वर सगळे म्हणताहेत महिलांना २५,००० पर्यंत माफ. मग मला का नाही? आणि भरले तर ते पगाराच्या रकान्यात वजा होतील का?

जमाखर्च

गोदाताई, २५,००० ची सूट फक्त पगारदार महिलांना आहे. तुमचं खातं वेगळं. स्वतःचा धंदा करणाऱ्यानं नावनोंदणी करून, म्हणजे ज्याला सगळे पीटीईसी म्हणतात त्याखाली, वर्षाला २,५०० भरायचे असतात. जुनी नोंदणी असेल तर मुदत ३० जून. मालक नोकरांचा कर कापून भरतो ती नोंदणी पीटीआरसी. पार्लरमध्ये पगारी मुली असतील आणि त्यांच्यापैकी कोणाचा पगार मर्यादेच्या वर असेल तर तीही लागते. भरताना mahagst.gov.in वर दोन्हींचे क्रमांक नीट बघा, एकाचे पैसे दुसऱ्याच्या चलनात गेले की निस्तरायला फार वेळ जातो.

वजा म्हणाल तर तुमचे २,५०० धंद्याचा खर्च. पगाराच्या रकान्याशी संबंध नाही. अंदाजित नफा दाखवून 44AD खाली विवरणपत्र भरत असाल तर वेगळे वजा मिळणारच नाहीत, सगळा खर्च त्यात धरलेला असतो.

आता मुख्याध्यापक सरांकडे येतो, कारण तिथं दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

व्यवसाय कर आयकरातून वजा होत नाही, *उत्पन्नातून* वजा होतो. आयकर कायद्याचं कलम 16(iii). फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये प्रमाणित वजावटीच्या, म्हणजे 16(ia) च्या, खालच्या ओळींत ते दिसतं. दुसरी गोष्ट, ही वजावट फक्त जुन्या पद्धतीत आहे. नवीन पद्धतीत 16(ia) चे ७५,००० मिळतात, 16(iii) मिळत नाही. सरांनी नवीन पद्धत सांगितली असेल, किंवा काहीच सांगितलं नसेल, तर संगणक नवीनच धरतो आणि शून्य दाखवतो. ते शून्य बरोबर आहे.

सरांना हा हिशेब दाखवा. वर्षाचा पगार ९,६०,०००. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेले, उरले ९,०७,५००. 80C चे पूर्ण १,५०,००० धरले तर करपात्र ७,५७,५००. पाच लाखांपर्यंतचे १२,५०० आणि वरच्या २,५७,५०० वर २० टक्क्यांनी ५१,५००, मिळून ६४,०००. चार टक्के उपकर २,५६०. एकूण ६६,५६०.

हाच हिशेब व्यवसाय कर न धरता केला तर करपात्र ७,६०,००० आणि एकूण कर ६७,०८०. फरक ५२० चा. म्हणजे २,५०० च्या वजावटीची खरी किंमत त्यांच्यासाठी ५२० रुपये. पाच टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला तीच १३०, तीस टक्क्यांच्या टप्प्यात ७८०.

आता नवीन पद्धत. ९,६०,००० मधून ७५,००० गेले, उरले ८,८५,०००. २०२५-२६ साठी करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर 87A ची सवलत मिळून कर शून्य. ५२० मिळवायला ६६,५६० भरायला तयार आहेत का, एवढंच सरांना विचारा.

पगारबिल_लातूर

हा हिशेब छापून सरांच्या टेबलावर ठेवतो. ताईंच्या १,३०० चं काय मग, त्यांना कुठं वजा मिळणार?

जमाखर्च

कुठंच नाही, आणि गरजही नाही. त्यांचा वर्षाचा पगार दोन लाख ९९ हजार सातशे. कोणत्याही पद्धतीत कर शून्य. वजावट करपात्र रक्कम कमी करते, पण करच नसेल तर कमी काय होणार? पगाराच्या काठावरच्या लोकांना व्यवसाय कर निव्वळ खर्च आहे, तो कुठंच परत येत नाही.

वाळूजकर

माझा प्रश्न मग खरा आहे. वाळूज एमआयडीसीत आहे, वर्षाचा पगार १२,७६,५००. ७५,००० वजा जाता १२,०१,५०० राहतात. त्यातून २,५०० काढले तर ११,९९,००० होतात आणि कर शून्य. पोर्टल तो रकाना उघडतच नाही. दीड हजारासाठी साठ हजार कर बसणार की काय?

जमाखर्च

साठ हजार बसणार नाही. १२,०१,५०० वर टप्प्यांप्रमाणे कर ६०,२२५ येतो हे खरं, पण बारा लाखांच्या जेमतेम वर असणाऱ्यांना सीमांत सवलत आहे. कर, उपकर सोडून, बारा लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त घेत नाहीत. तुमची वरची रक्कम १,५००, म्हणून कर १,५०० आणि उपकर ६०. एकूण १,५६०.

व्यवसाय कर वजा मिळाला असता तर हे १,५६० वाचले असते, एवढ्यापुरती तुमची तक्रार खरी. नवीन पद्धतीत मालकानं राष्ट्रीय निवृत्ती योजनेत भरलेली रक्कम 80CCD(2) खाली वजा मिळते. पगाराच्या रचनेत ते बसवता येतं का, हे कंपनीला पुढच्या वर्षासाठी विचारा. स्वतः भरलेली रक्कम त्या कलमात चालत नाही, मालकानंच भरली पाहिजे.

वाळूजकर

विचारतो. आणखी एक. आमच्या आधीच्या छोट्या कारखान्यात व्यवसाय कर कापतच नसत, मालक स्वतः भरायचा. ते बरं होतं ना?

शालार्थ_परभणी

बरं वाटतं, पण पुरतं बरं नसतं. मालकानं तुमच्या वतीनं भरलेला व्यवसाय कर ही तुम्हाला मिळालेली सोय, म्हणून ती आधी पगारात मिळवली जाते. जुन्या पद्धतीत मिळवलेले २,५०० लगेच 16(iii) खाली वजा होतात, हिशेब बरोबरीत. नवीन पद्धतीत मिळवले जातात आणि वजा होत नाहीत. तुम्ही बारा लाखांच्या काठावर आहात, तुम्हाला तर हे चांगलंच बोचेल.

उदगीरचा_पाव्हणा

आमच्या इथली बरीच पोरं हैदराबादला नोकरीला आहेत. कंपनीचं मुख्य कार्यालय पुण्यात. कर कुणाचा लागतो? एकाचे फेब्रुवारीत २०० च कापले, ३०० नाही.

जमाखर्च

काम जिथं करतो त्या राज्याचा. तेलंगणात १५,००० पर्यंत शून्य, २०,००० पर्यंत १५०, वर २००, फेब्रुवारीचा जादा नाही. म्हणून तिथं वर्षाचे २,४००. पोराचं बरोबर कापलंय. वर्षाच्या मध्येच लातूरला बदली झाली तर त्या महिन्यापासून महाराष्ट्राचा तक्ता. विवरणपत्रात दोन्ही राज्यांचं मिळून जितकं खरोखर कापलं तितकं लिहायचं.

शालार्थ_परभणी

'खरोखर कापलं तितकं' यावर जोर देतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच आहेत. लिपिक मंडळी सगळ्यांना सरसकट २,५०० टाकतात. एखादे सर ३१ जानेवारीला निवृत्त झाले, त्यांचे खाजगी संस्थेत एप्रिल ते जानेवारी दहा महिन्यांचे २,००० च कापलेले असतात. जूनमध्ये रुजू झालेल्याचे जून ते जानेवारी १,६००, फेब्रुवारी ३००, मार्च २००, म्हणजे २,१००. आमच्याकडे मार्चचा पगार एप्रिलमध्ये जातो, म्हणून त्याचेच १,९०० येतात.

चूक ओळखायची सोपी खूण: फॉर्म १६ वरचा आकडा आणि बारा पगारचिठ्ठ्यांची बेरीज जुळवा. जुळली नाही तर चूक चौथ्या तिमाहीच्या 24Q या टीडीएस विवरणाच्या परिशिष्टात असते. फॉर्म १६ त्यातूनच तयार होतो. नुसता फॉर्म १६ हातानं खोडून सही केली तर काही उपयोग नाही, 24Q चं दुरुस्ती विवरण भरावं लागतं. कापलेला आकडा जुन्या पद्धतीत राहूनच गेला असेल तर कर्मचारी स्वतःच्या विवरणपत्रात तो घेऊ शकतो, पगारचिठ्ठ्या मात्र जपून ठेवाव्यात.

मांजराकाठ

सरासरीचं चुकलं, मान्य. पण आमच्या ओळखीतल्या एका दिव्यांग बाईंचा पगार ३२,००० आहे आणि त्यांचे २०० कापतात. तेही बरोबर का?

जमाखर्च

४० टक्के किंवा त्याहून अधिक कायम दिव्यांगत्व असेल तर व्यवसाय कर माफ आहे, पगार कितीही असो. ६५ वर्षांच्या वरच्यांनाही. त्यांनी प्रमाणपत्र कार्यालयात दिलं आहे का, ते आधी बघा. बहुतेक वेळा कागद आस्थापना शाखेच्या फायलीत असतो आणि पगारपत्रकाच्या संगणकात ती खूण केलेलीच नसते.

पगारबिल_लातूर

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. संस्थेनं ठराव आता बदलला आणि ताईंची वाढ जुलैपासून लागू केली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचा फरक १,०५० जानेवारीच्या पगारात द्यायचा आहे. मग त्या तीन महिन्यांचे ६०० मागे जाऊन कापायचे का?

शालार्थ_परभणी

नाही. थकबाकी ज्या महिन्यात देता त्या महिन्याचा पगार म्हणून धरायची. जानेवारीत ताईंचे २०० आधीच लागतात, ते २०० च राहतात.

जमाखर्च

इथं मला एवढी खात्री वाटत नाही. वाढ जुलैपासून लागू झाली तर जुलैचा देय पगारच २५,१५० झाला, आणि टप्पा देय पगारावर ठरतो असंही वाचता येतं. मी असतो तर ठरावात वाढ नेमकी कोणत्या तारखेपासून देय आहे हे स्पष्ट लिहून घेतलं असतं आणि करसल्लागाराकडून लेखी मत घेऊन फायलीला लावलं असतं. रक्कम ६०० ची आहे, पण तुमच्याकडे अशा किती ताई आहेत?

पगारबिल_लातूर

चौदा.

शालार्थ_परभणी

मग लेखी घ्याच. आणि वाढीतला निम्म्याहून जास्त भाग कापला जाऊ शकतो, हे बिल काढायच्या आधी त्या चौदा जणींना सांगा. फरक १,०५० चा आणि त्यातून ६०० गेले तर पुढचे आठ दिवस पगार शाखेत कोणी कोणाशी बोलणार नाही.

पगारबिल_लातूर

शाळेची लेखापरीक्षा फेब्रुवारीत आहे, तिथं विचारून इथंच लिहितो.